चिंतामणी काकांची महाउपमा

चिंतामणी काका वर्गात पहिल्या दिवशी आले तेव्हा सगळी पोरं उभी राहिली. एकोणसाठ वर्षांचा माणूस, पांढरा हाफ शर्ट, खिशात दोन पेनं, हातात फाइल. पोरांना वाटलं सर आले. काका तिसऱ्या बाकावर जाऊन बसले आणि म्हणाले, "बसा बसा, मीही एफवायच." पूर्ण वर्ग फुटला. प्रज्वल तर इतका हसला की त्याला ठसका लागला. काकाही हसले, पण जरा उशिरा, म्हणजे हसायचं असतं हे लक्षात आल्यावर.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल युनिटमध्ये त्यांनी बत्तीस वर्षं काढली होती. शेवटी शिफ्ट इन-चार्ज. दर तासाला रिअ‍ॅक्टरचं टेम्परेचर, प्रेशर, व्हॉल्व्हची पोझिशन, सगळं लॉगबुकात. एक रकाना रिकामा राहिला तर ऑपरेटरला उभं करायचे. रिटायर झाले तेव्हा कंपनीने घड्याळ दिलं, शाल दिली, आणि काका चिखलोलीच्या अकराव्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये घरी बसले.

घरी उमा काकू होत्या. आणि लॉगबुक नव्हतं, म्हणून काकांनी घराचंच लॉगबुक केलं. फ्रिजवर चार्ट लागला. सिलिंडर कधी लावला. दूध किती वाजता तापवलं. "उमा, काल डाळ दीड वाटी टाकलीस की दोन?" "उमा, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या चार झाल्या, तू तीन म्हणाली होतीस." भांडण कधीच नाही. आवाज चढवला असं एकदाही नाही. आणि एका संध्याकाळी काकूंनी पिशवी भरली, चप्पल घातली आणि त्या गेल्या.

कुठे गेल्या? बदलापूरला. आईच्या मागे रिकाम्या पडलेल्या वन रूम किचनमध्ये. स्कूटरने पंधरा मिनिटं. जाताना म्हणाल्या, "मला थोडे दिवस एकटीला राहायचंय." त्याला सात महिने झाले होते. काका बिल्डिंगमध्ये सगळ्यांना सांगायचे, ती पुण्याला मुलीकडे गेलीय, नात लहान आहे ना. जिना झाडणाऱ्या जनाबाईलाही तेच सांगायचे. खोटं बोलताना चष्मा काढून पुसायचे, म्हणून जनाबाई काही बोलायची नाही.

रोज सकाळी एक मेसेज जायचा. "आज एमआयडीसी लाइन शटडाऊन. बदलापूर पूर्वेला पाणी ११ ला." काकूंचं उत्तर यायचं, "ओके." एवढाच संसार उरला होता, पाणी आणि ओके.

मग हे कॉलेज कशाला? कारण काकू बी.ए. होत्या, साहित्य घेऊन. लग्नाआधी पुस्तकं वाचायच्या, लग्नानंतर पुस्तकं कपाटात गेली. एका दुपारी काकांनी ते कपाट उघडलं आणि त्यांच्या लक्षात आलं की या बाईशी बोलायला आपल्याकडे पाण्याची वेळ सोडून दुसरा विषयच नाहीये. झालं. उल्हासनगरच्या कॉलेजात फॉर्म भरला. काकूंना सांगितलं नाही. त्यांना वाटायचं, काहीतरी शिकू, मग एक दिवस फोन करू आणि असं काहीतरी बोलू की ती परत येईल. काय बोलायचं ते अजून सापडलं नव्हतं. म्हणून सकाळी सव्वासातच्या लेक्चरला रोज पावणेसातला स्कूटर निघायची, बदलापूरकडे पाठ करून.

श्रद्धा मॅडम साहित्य शिकवायच्या. वय एकोणतीस, हातात खडू, केसांत पेन. त्या दिवशी त्यांनी फळ्यावर लिहिलं, प्राचीन ग्रीक महाकाव्याचे संकेत.

"संकेत म्हणजे ठरलेल्या रीती," त्या म्हणाल्या. "लग्नात कसं, आधी साखरपुडा, मग हळद, अंतरपाट. कुणी मध्येच पंगत वाढली तर लोक म्हणतील हे काय. तसं महाकाव्याचं. गोष्ट अगदी सुरुवातीपासून सुरू करायची नाही, मध्यातून उडी मारायची. युद्धाची नऊ वर्षं झालीयत, आणि मग कवी तोंड उघडतो. मागचं सगळं नंतर कुणाच्या तरी बोलण्यातून कळतं. मग याद्या. कुठल्या गावातून कोण आला, किती माणसं, किती जहाजं."

"मॅडम, हजेरीच की," प्रज्वल म्हणाला.

"हजेरीच. पण ऐकणाऱ्याच्या गावाचं नाव आलं की त्याची छाती फुगायची. आणि ठरीव विशेषणं. प्रत्येक वीराला एक शेपूट. जोरात धावणारा अमुक, चमकत्या शिरस्त्राणाचा तमुक. नुसती शोभा नाही ती. हे कवी लिहीत नव्हते, लोकांसमोर गात होते, तोंडपाठ. ओळीत जेवढी जागा उरली, तेवढ्या मापाचं विशेषण तयार पाहिजे. ते जिभेवर येईपर्यंत पुढची ओळ डोक्यात जुळते."

लगेच वर्गात सुरू झालं. 'उशिरा-उगवणारा प्रज्वल.' 'सदा-चार्जर-मागणारी राजसी.' राजसी काकांच्या शेजारी बसायची, अंबरनाथची पोरगी, तोंडाने फटकळ. काकू पुण्याला मुलीकडे आहेत, हे काकांनी तिलाही सांगितलं होतं. ती काकांकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही? दोन-पेनांचा चिंतामणी!" काकांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं, तारखेसकट.

"आणि आता सगळ्यात भारी गोष्ट," मॅडम म्हणाल्या. "महाउपमा. साधी उपमा तुम्हाला शाळेपासून माहितीये. उपमेय, उपमान, दोघांत सारखा असलेला गुण, आणि 'सारखा' किंवा 'जसा' असा शब्द. एका ओळीत खलास. महाउपमा आठ ओळी, दहा ओळी चालते. 'जसा' म्हटलं की युद्ध थांबतं. भाला हवेत तसाच थांबतो. आणि कवी तुम्हाला भलतीकडेच नेतो, डोंगरावर, शेतात, कुणाच्या घरात. तिथे एक अख्खं चित्र उभं राहतं. आणि मग 'तसा' म्हटलं की धप्पकन परत युद्धात."

"पण कशाला थांबवायचं?" राजसीने विचारलं. "मस्त मारामारी चाललीय आणि मध्येच शेत."

"म्हणूनच! सतत मारामारी ऐकून माणूस बधिर होतो. श्वास घ्यायला जागा लागते. आणि दुसरं असं की ऐकणाऱ्याने युद्ध बघितलेलं नाही, पण वादळात सापडलेली होडी बघितलीय. न बघितलेलं बघितलेल्याने दाखवायचं. आणि तिसरं माझं आवडतं आहे. या काव्यांत राजे आणि देव यांचीच चलती. साधा माणूस, गुराखी, कोळी, कष्ट करणारी बाई, यांना तिथे बहुतेक वेळा जागाच नाही. ते येतात कुठे? उपमेत. 'जसा' आणि 'तसा' यांच्या मध्ये. तेवढ्यात काय ते जगून घेतात."

काकांचं पेन थांबलं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मॅडमनी असाइनमेंट दिली. सगळ्यांना एकच प्रसंग. साथीदार पळून गेलेत, एक योद्धा रणांगणावर एकटा उरलाय, पळावं की थांबावं त्याला कळत नाही. यावर स्वतःची महाउपमा. दहा मार्क. शनिवारी वर्गात वाचायची.

काकांनी बुधवारीच आणली. कोरा ए-फोर, पट्टीने आखलेला तक्ता. डावीकडे योद्धा, उजवीकडे ऑपरेटर. ढाल म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. भाल्यांचा मारा म्हणजे वाढतं प्रेशर. पळालेले साथीदार म्हणजे न आलेली दुसरी शिफ्ट. धूळ म्हणजे वाफ. एकूण अकरा मुद्दे, प्रत्येकासमोर बरोबरची खूण. तक्त्याखाली त्याचीच दहा वाक्यं.

मॅडमनी स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या वाचलं. "काका, हे परफेक्ट टॅली झालंय."

"थँक यू."

"नाही ना, तोच तर प्रॉब्लेम आहे." मॅडमना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "सगळंच जुळतंय. महाउपमेत सगळं जुळत नाही. एक-दोन गोष्टी जुळतात, तेवढा धागा पुरतो, बाकीचं चित्र आपल्या पायाने चालतं. हे बघा. समजा वीर गर्दीत इकडे तिकडे बघतोय. मी म्हणेन, जशी नेवाळी नाक्यावर भाजी घेऊन बसलेली बाई गिऱ्हाइकासाठी मान उंचावून दोन्हीकडचा रस्ता बघते, मेथीवर पाणी मारते, घरी पोरगी तापाने फणफणलीय आणि शेजारणीला सांगून आलीय की दर तासाला पट्टी बदल, आणि ऊन चढतंय, तसा तो वीर दोन्हीकडे बघू लागला. आता सांगा, पोरीचा ताप म्हणजे युद्धातलं काय?"

काकांनी विचार केला. "जखमी सैनिक?"

"काहीच नाही, काका! ताप म्हणजे ताप. तो कशाशीच जुळत नाही. पण तो ऐकल्यावर तुम्ही बाईचे झालात की नाही? आणि मग वीराकडे परत आल्यावर त्याच्याकडे पण वेगळ्या नजरेने बघता. जे जुळत नाही ना, तिथेच जीव असतो."

"म्हणजे जास्तीचं लिहायचं."

"मुद्दाम लिहायचं नाही. आलं तर थांबवायचं नाही. ते आपोआप येतं, आपण त्याला विचारायचं नाही की बाबा तू कुठल्या रकान्यातला."

हे वाक्य काकांना लागलं. त्यांनी तक्ता घडी करून खिशात ठेवला आणि कॅन्टीनमध्ये जाऊन बसले. कॅन्टीनवाला सिंधी, सगळ्यांनाच साईं म्हणायचा. "क्या साईं, मुँह क्यूँ लटका है? दाल पकवान लगाऊँ?" काकांनी मान हलवली. पकवान आला, मोडला, डाळीत बुडवला, आणि तसाच मऊ होईपर्यंत बघत बसले.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता ते घरी टेबलाशी बसले. खाली कुणाच्या तरी घरचा मिक्सर चालू होता. अकराव्या मजल्यावरून बदलापूरकडचे टॉवर दिसतात, उन्हात पांढरे. काकांनी लिहिलं, 'जसा एखादा'. मग थांबले. बॉयलर नको. रिअ‍ॅक्टर नको. 'जसा एखादा शिफ्टवरून सुटलेला माणूस', असं लिहिलं आणि त्यानंतर त्यांना थांबवताच आलं नाही. वीस मिनिटांत पान भरलं. वाचून बघितलं नाही. वाचलं असतं तर फाडलं असतं.

शनिवारी वाचन. प्रज्वलने मोबाइलचा डेटा संपलेल्या पोरावर उपमा केली, लोक लोळले. राजसीने लग्नाच्या हॉलमध्ये चप्पल हरवलेली मुलगी आणली, ती पण भारी होती. मग काका उठले. फाइल उघडली. चष्मा लावला. आवाज अगदी सपाट, शिफ्टचा हँडओव्हर देतात तसा.

"जसा एखादा शिफ्टवरून सुटलेला माणूस, आता पुन्हा शिफ्टच नसलेला, संध्याकाळी खालून दूध आणून आपल्याच किल्लीने दार उघडतो,
आणि बाई गॅलरीत वाटाणे सोलत बसलीय, सुपात सालं, मांडीवर पातेलं,
तिच्या नखांना हिरवा रंग चढलाय, आणि ती हळू आवाजात एक गाणं म्हणतेय जे त्याने आधी कधी ऐकलेलं नाही,
आणि तो विचारतो, किती आणलेस, कधी आणलेस, निवडून घेतलेस का,
आणि गाणं थांबतं, एक वाटाणा तिच्या बोटांतून सुटून लादीवरून घरंगळत जातो,
आणि बाई उठते, हात धुते, पिशवी भरते, उगाच दोनदा पदर झटकते,
आणि दार ओढल्याचा आवाज येतो, मग लिफ्टचा,
आणि तो धावत दाराबाहेर येतो पण लिफ्टपुढे थांबतो, आणि वरचा लाल आकडा मोजतो, दहा, नऊ, आठ, सात,
आणि जिन्याने पळत सुटावं की इथेच थांबावं त्याला कळत नाही, हातात दुधाची पिशवी, तिचं पाणी टपकतंय,
तसा तो योद्धा ढाल धरून एकटाच उभा राहिला."

फळ्याच्या वरचा पंखा करकरत होता. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम म्हणाल्या, "ते गाणं कशाशी जुळतं, काका?"

"कशाशीच नाही," काका म्हणाले, आणि खाली बसले.

लेक्चर सुटल्यावर राजसी पार्किंगपर्यंत मागे आली. काका स्कूटरचं स्टँड काढत होते.

"काका, काकू पुण्याला नाहीयेत ना?"

काकांनी चष्मा काढला. रुमाल सापडेना. मग शर्टाच्या टोकाने काच पुसायला लागले.

"बदलापूरला आहे," ते म्हणाले. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी.

"अरे देवा. एवढ्या जवळ? आणि तुम्ही?"

"मी पाण्याची वेळ कळवतो."

राजसीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही थोडं थोडं केलं. "हे पाठवा त्यांना. आत्ता. इथेच. उद्या तुम्ही पाठवणार नाही, मला माहितीये. माझे पप्पा सेम आहेत."

"हे असं कसं पाठवू? वर काहीतरी लिहावं लागेल ना. संदर्भ."

"काका! संदर्भ नाही! पाठवा!"

कागदाचा फोटो काढला. तिसऱ्या वेळेला नीट आला. पाठवला. एक टिक, दोन टिक. काका तिथेच उभे, उन्हात, हेल्मेट हातात. दोन्ही टिक निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही. राजसी निघून गेली तरी ते पंधरा मिनिटं उभे होते. ओकेसुद्धा आलं नाही.

रविवार गेला. सोमवारी पाण्याचा मेसेज टाइप केला आणि पुसला. अख्खा दिवस फोन उलटा ठेवला. मंगळवारी सकाळी स्कूटर काढणार तेवढ्यात मेसेजचा आवाज आला. उमा काकूंनी इतकं मोठं कधीच लिहिलं नव्हतं.

"वाचलं. कोणी लिहिलं माहीत नाही, अक्षर तुमचं आहे. वाटाणा मी उचलला होता, सिंकमध्ये ठेवला, तुम्हाला दिसला नाही. आणि मी लिफ्टने गेलेच नाही. जिन्याने गेले. तुम्ही मोजत होता ती दुसऱ्याच कुणाची लिफ्ट होती."

काका पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिले. किल्ली लावलेली. सात महिने ते रोज तो आकडा उतरताना बघत होते, डोळे मिटले की दहा, नऊ, आठ. आणि ती लिफ्टमध्ये नव्हतीच. ते दुसऱ्या कुणाला तरी जाताना बघत उभे राहिले होते, आणि ती पलीकडच्या दारामागे पायरी पायरी उतरत होती. दार ढकललं असतं तर दिसली असती. नुसतं दार.

लेक्चरला उशीर झाला. पहिल्यांदाच. वर्गात मॅडमनी पुढचा संकेत काढला होता, आवाहन; शनिवारी लिहायला दिलं होतं, सोमवारी वह्या घेतल्या होत्या.

प्रज्वल उभा राहून आपलं वाचत होता. "हे वाग्देवते, तुला वंदन करतो, माझ्या या असाइनमेंटमधली सगळी विघ्नं दूर कर आणि मॅडमना सद्बुद्धी दे..."

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "सद्बुद्धी आहे मला. पण ऐका, ही चूक तुम्ही सगळ्यांनी केलीय. चौऱ्याऐंशी वह्या, ऐंशी जणांनी वंदन केलंय. का? कारण आपल्याकडे कुठलंही काम सुरू करताना आपण नमन करतो, गणपती, सरस्वती, कुलदेवी. विघ्न नको, आशीर्वाद दे. गोंधळातसुद्धा देवीला म्हणतो, ये. इथे तसं नाहीये. तो ग्रीक कवी काव्यदेवतेला काय म्हणतो? तो म्हणतो, सांग."

"काय सांग?"

"गोष्टच सांग. ती देवी स्मृतीची मुलगी. जे घडलं तेव्हा ती तिथे होती. कवी नव्हता. कवीने फक्त ऐकलंय. म्हणून तो पहिल्याच ओळीत कबूल करतो की मला माहीत नाही, तुला माहितीये. मग विषय सांगतो, कशाची गोष्ट हवीय. एखाद्याचा राग, एखाद्याचा परतीचा रस्ता. आणि मग प्रश्न विचारतो, हे सुरू कशामुळे झालं? कुठून सुरू करायचं ते तूच ठरव. एवढं विचारलं की त्याने गप्प व्हायचं. त्यानंतर जे येतं ते तिचं. त्याचा फक्त आवाज."

राजसीने काकांना कोपराने ढोसलं. "काका, लिहून नाही घेतलंत."

वही बंदच होती. काका फळ्याकडे बघत होते. मॅडमनी तिथे एकच शब्द लिहिला होता, सांग.

त्यानंतर चार दिवस त्यांनी फोन केला नाही. हिंमत होत नव्हती. बोलायला काय काय आहे याची त्यांनी यादी केली, माफी, खुलासा, रिटायरमेंटनंतर काय होत होतं ते, नात, डॉक्टर, गुडघे. सतरा मुद्दे झाले. मग ती यादी त्यांनी वाचली आणि लक्षात आलं की यात एकही प्रश्न नाही. सतरा मुद्दे आणि सगळे आपलेच.

रविवारी सकाळी अकरा वाजता फोन लावला. तिकडे पाचव्या रिंगला उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली. एक. काकांनी मोजली, आणि स्वतःवरच चिडले.

"हॅलो," काकू म्हणाल्या. "पाणी गेलंय का?"

"नाही. उमा, मी कॉलेजात जातो. साहित्याला."

तिकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. "म्हणजे ते तुम्हीच लिहिलंत."

"मी लिहिलं पण चुकीचं लिहिलं. मला माहीतच नव्हतं. तू तिथे होतीस." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू सांग. कशामुळे सुरू झालं. कुठूनही सांग."

काकू हसल्या, पण ते हसू नव्हतं. "आता विचारताय?"

"हो."

"आणि मध्ये बोलणार नाही?"

काका काहीच बोलले नाहीत. त्यांना वाटलं, हे पण बोलणंच होईल.

मग काकू बोलायला लागल्या. आधी तुटक तुटक. मग नाही. वाटाण्यापासून नाही, त्या खूप मागून सुरू झाल्या, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, नाइट शिफ्टवरून आलेल्या माणसाला झोप लागावी म्हणून दिवसभर अख्ख्या घरात आवाज न करता वावरायची सवय लागली तिथपासून. गाणं तेव्हा बंद झालं, म्हणाल्या. पोरीला अंगाईसुद्धा कानात म्हटली. आणि तुम्ही रिटायर झालात, आता आवाज चालेल, असं मनाशी ठरवून इतक्या वर्षांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हणत होते, आणि तुम्ही आत येऊन विचारलंत निवडून घेतलेस का. त्या जिन्याबद्दलही बोलल्या. सातव्या मजल्यावर पायरीवर बसून राहिले होते, म्हणाल्या. वाटलं, वरून दार वाजेल. बराच वेळ बसले. मग एक कुत्रा वर आला, माझ्याकडे बघून परत खाली गेला, तेव्हा मीही उठले.

काकांच्या तोंडावर आलं होतं, किती वेळ? किती मिनिटं? त्यांनी ओठ दाताखाली धरला. डोळ्यांतून पाणी फोनवर गेलं आणि स्क्रीनवर काहीतरी दाबलं गेलं, स्पीकर चालू झाला, आणि काकूंचा आवाज अख्ख्या घरात पसरला. किचनमध्ये, गॅलरीत, फ्रिजवरच्या चार्टपर्यंत. काकांनी तो बंद केला नाही.

पाऊण तास. शेवटी काकू दमल्या.

"पुढच्या रविवारी येशील?" काकांनी हळूच विचारलं. "किंवा मी येऊ?"

"नको," काकू म्हणाल्या. लगेच म्हणाल्या, विचार न करता. मग जरा थांबून, "मला इथे बरं वाटतंय, खरं सांगू? सकाळी रेडिओ मोठ्याने लावते. परत यायचं की नाही मला माहीत नाही. तुम्ही विचारू नका तेवढं."

"बरं."

"आणि ते पाण्याचं कळवत जा," त्या म्हणाल्या. "त्याचा उपयोग होतो." आणि फोन ठेवला.

घर एकदम रिकामं झालं. काकांनी फोन टेबलावर ठेवला. मग त्यांनी दार उघडलं. लिफ्ट समोरच होती, अकरावर, दार उघडं. ते तिच्या बाजूने जिन्याच्या दारापाशी गेले, जड दार, आगीसाठी असतं ते, खांद्याने ढकलावं लागतं. इतकी वर्षं इथे राहून त्यांनी ते कधी उघडलं नव्हतं. आत सिमेंटचा वास, खिडकीची एक फट. ते कठडा धरून उतरायला लागले. गुडघे दुखत होते. सातव्या मजल्यावर पायरीवर बसले. नेमकी कुठली पायरी ते काकूंनी सांगितलं नव्हतं. भिंतीवर कुणीतरी कोळशाने स्टंप काढलेले. फटीतून डोंगराचा एक तुकडा दिसत होता. कान लावून ऐकलं तर वरचं काहीही ऐकू येत नव्हतं, दार, लिफ्ट, काही नाही. म्हणजे त्या संध्याकाळी ते दाराबाहेर आले होते हेही तिला इथे कळलं नसणार.

खालून झाडूचा आवाज चढत आला. जनाबाई होती, पदर खोचलेला, हातात सुपली.

"अगं बाई, साहेब! लिफ्ट बंद पडली काय?"

"नाही. चालू आहे."

ती थांबली. त्यांच्याकडे बघितलं, मग वरच्या मजल्यांकडे. "बाईसाहेब पुण्यावरनं आल्या नाय अजून?"

"ती बदलापूरला राहते, जनाबाई. तिच्या घरी."

"बरं," जनाबाई म्हणाली. तिला नवल वाटलेलं दिसलं नाही. "बसा तुम्ही. नुसतं पाय वर घ्या, पायरी झाडून घेते."

काकांनी पाय वर घेतले.